एका बाकावर अकरावी आणि बारावी: वर्गाच्या यादीपासून बैठक तक्त्यापर्यंत

कनिष्ठ महाविद्यालयात सत्र परीक्षेच्या आठवडाभर आधी परीक्षा विभागाचं काम कुणातरी नव्या शिक्षकाकडे किंवा लिपिकाकडे येतं. सोबत चार वर्गांच्या याद्या असतात आणि "बैठक व्यवस्था लावून टाका" एवढीच सूचना असते. काम हाती घेतल्यावर कळतं की गुंता याद्यांमध्ये कमी आणि खोल्यांमध्ये जास्त आहे. एका खोलीत वीस बाके, दुसरीत चोवीस, तिसरीत अठरा, त्यात दोन मोडकी. सगळ्या खोल्या सारख्या असत्या तर सरळ भागाकार करून मोकळं होता आलं असतं. खोल्या सारख्या नसताना काय करायचं, ते इथे एक पूर्ण उदाहरण घेऊन सांगितलं आहे.

उदाहरणातल्या महाविद्यालयात विज्ञान आणि वाणिज्य अशा दोन शाखा आहेत. अकरावी विज्ञानला ७२, अकरावी वाणिज्यला ६६, बारावी वाणिज्यला ६१ आणि बारावी विज्ञानला ६८ विद्यार्थी. म्हणजे अकरावीचे १३८, बारावीचे १२९, एकूण २६७. परीक्षेसाठी सात खोल्या मिळाल्या आहेत आणि बाके दोघांची आहेत. राज्य मंडळाच्या बोर्ड परीक्षेत २५ विद्यार्थ्यांचा ब्लॉक असतो आणि एका बाकावर एकच जण बसतो. अंतर्गत परीक्षेला तेवढ्या खोल्याही नसतात आणि तेवढे पर्यवेक्षकही नसतात, म्हणून एका बाकावर दोन वर्गांतला एकेक विद्यार्थी बसवतात. आपणही डावीकडे अकरावी आणि उजवीकडे बारावी अशीच रचना धरू.

आधी बाके मोजा, यादीला नंतर हात लावा

खोलीत जाऊन बाके मोजायला पर्याय नाही. कार्यालयातल्या जुन्या कागदावर २४ लिहिलेलं असतं, पण मधल्या काळात स्नेहसंमेलनासाठी दोन बाके सभागृहात गेलेली असतात आणि ती परत आलेली नसतात. मोजताना प्रत्येक बाकावर हात टेकून बघा. डुगडुगणारं बाक, फळी उचकटलेलं बाक, भिंतीला इतकं चिकटलेलं की आतल्या विद्यार्थ्याला बाहेर यायला दुसऱ्याला उठवावं लागेल असं बाक, ही मोजायची नाहीत. शेवटच्या बाकामागून पर्यवेक्षकाला फिरता येतं का, तेही तिथेच बघून घ्या. जागा नसेल तर ते बाक पुढे ओढा किंवा सोडून द्या.

मोजलेल्या आकड्यातून प्रत्येक खोलीमागे दोन बाके राखीव ठेवा. उशिरा प्रवेश झालेला विद्यार्थी, यादीतून राहून गेलेलं नाव, ऐन पेपराच्या वेळी मोडलेलं बाक, कॉपीच्या संशयावरून जागा बदलावी लागलेला विद्यार्थी, या सगळ्यांची सोय या दोन बाकांवर होते. राखीव बाके नेहमी खोलीतल्या शेवटच्या क्रमांकांची असावीत, मध्येच कुठेतरी नसावीत. खोली भरगच्च लावायचा मोह होतो, कारण एक खोली वाचली की एक पर्यवेक्षक वाचतो. पण पहिल्या पेपराला एकच विद्यार्थी जास्तीचा निघाला तरी शिपायाला बाक शोधायला धाडावं लागतं आणि तोवर प्रश्नपत्रिका वाटायची वेळ झालेली असते.

आपल्या सात खोल्यांचा हिशेब असा होतो. शेवटच्या रकान्यातला आकडा कसा आला ते पुढे येईलच.

| खोली | चांगली बाके | वापरायची बाके | सुरुवातीचा क्रम |
|---|---|---|---|
| ४ | २० | १८ | १ |
| ५ | २४ | २२ | १९ |
| ६ | २४ | २२ | ४१ |
| ९ | १८ | १६ | ६३ |
| १० | २४ | २२ | ७९ |
| ११ | २४ | २२ | १०१ |
| १२ | २० | १८ | १२३ |

वापरायची बाके १४० आणि अकरावीचे विद्यार्थी १३८. मोठा वर्ग बसला म्हणजे लहान वर्ग बसतोच, कारण प्रत्येक बाकावर दोन्ही वर्गांना एकेक जागा आहे. क्षमता तपासताना २६७ हा आकडा घेऊ नका, दोन्हींपैकी मोठ्या वर्गाचा घ्या. नवीन माणूस नेमका इथे फसतो. १४० बाकांवर २८० जागा आहेत आणि विद्यार्थी २६७, म्हणजे १३ जागा शिल्लक, असं तो समजतो. अकरावीला प्रत्यक्षात दोनच बाके शिल्लक आहेत.

यादी साफ करणं

यादी वर्गशिक्षकांच्या चालू हजेरीवरून घ्या आणि कार्यालयातल्या यादीशी ताडून बघा. दोन्हींत फरक निघतोच. दाखला नेलेल्या विद्यार्थ्याचं नाव कार्यालयात कमी झालेलं असतं, हजेरीत तसंच राहिलेलं असतं. उशिरा आलेल्याचं याच्या उलट. फरकाची नावं वर्गशिक्षकांना दाखवून त्यांच्याकडूनच पक्की करा.

संगणकावर यादी घेतली की तीन गोष्टी तपासायच्या. पहिली म्हणजे फाइल जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असेल, तर दुसऱ्या संगणकावर नावांऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये आणून घ्या, कारण छपाई बहुधा दुसऱ्याच संगणकावरून होते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. हजेरी क्रमांक मजकूर म्हणून साठवलेले असतील तर क्रम लावल्यावर १, १०, ११, २, २० असे येतात. असं दिसलं की समजायचं, हे आकडे नाहीत, अक्षरं आहेत. स्प्रेडशीटमध्ये बेरजेला आणि सूत्राला लागणारे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. देवनागरी अंक बहुतेक वेळा मजकूर म्हणून धरले जातात आणि मग पुढची सूत्रं `#N/A` दाखवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे दुबार नोंद. एकाच नावाचे दोन विद्यार्थी असू शकतात, म्हणून नावावरून नाही, क्रमांकावरून तपासा. ही तपासणी बैठक क्रमांक देऊन झाल्यावर करायची. बैठक क्रमांक `B` रकान्यात असेल तर शेजारच्या मोकळ्या रकान्यात हे सूत्र घालून खालपर्यंत ओढा.

```
=COUNTIF(B:B,B2)
```

सगळीकडे 1 यायला हवा. कुठे 2 आला तर तो क्रमांक दोनदा दिला गेला आहे.

बैठक क्रमांक यादी साफ झाल्यावरच द्यायचे आणि एकदा दिले की परीक्षा संपेपर्यंत बदलायचे नाहीत. क्रमांक पाहताच वर्ग कळावा असे गट पाडले की पर्यवेक्षकाचं काम सोपं होतं. इथे अकरावी विज्ञानला १००१ ते १०७२, अकरावी वाणिज्यला ११०१ ते ११६६, बारावी वाणिज्यला १२०१ ते १२६१ आणि बारावी विज्ञानला १३०१ ते १३६८ दिले आहेत.

कोण कोणाशेजारी

एका बाकावर अकरावी आणि बारावी बसवली म्हणजे झालं, असं वाटतं. पण अकरावी विज्ञानच्या मुलाशेजारी बारावी विज्ञानचा मुलगा आला, तर त्याने ते सगळं गेल्याच वर्षी शिकलेलं असतं. त्याला शेजारच्याचा भौतिकशास्त्राचा पेपर दिसतो आणि उत्तरंही माहीत असतात. उलट बारावी वाणिज्यचा विद्यार्थी शेजारी असेल तर त्याला त्या पेपरात मदत करण्यासारखं काही नसतं.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. अकरावीची यादी विज्ञानपासून सुरू करायची आणि बारावीची वाणिज्यपासून. दोन्ही याद्यांना स्वतःचा १ पासून सलग क्रम द्यायचा. अकरावीत क्रम १ ते ७२ विज्ञान, ७३ ते १३८ वाणिज्य. बारावीत क्रम १ ते ६१ वाणिज्य आणि तिथून पुढे विज्ञान. ज्या दोघांचा क्रम एक, ते दोघे एका बाकावर. शाखा आपोआप उलटसुलट येतात. भाषेच्या पेपराला ही युक्ती चालत नाही, कारण इंग्रजी दोन्ही शाखांना असतं. तिथे वर्ग वेगळा आणि प्रश्नपत्रिका वेगळी एवढाच आधार राहतो, म्हणून त्या दिवशी पर्यवेक्षकांना तसं सांगून ठेवा.

डावी-उजवी बाजू फळ्याकडे तोंड करून बसलेल्या विद्यार्थ्याच्या हिशेबाने ठरवा आणि तक्त्यावर तसं लिहा. पर्यवेक्षक विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभा असतो, त्याची डावी बाजू ती विद्यार्थ्याची उजवी. हे लिहिलेलं नसेल तर एका खोलीत अकरावी डावीकडे आणि शेजारच्या खोलीत उजवीकडे, असं हमखास होतं. उजवीकडे बसलेला विद्यार्थी डावखुरा असेल तर दोघांची कोपरं एकमेकांना लागतात. अशा बाकावर दोघांची आपसात अदलाबदल करायला हरकत नाही, बाक क्रमांक तोच राहतो.

खोली आणि बाक काढणारी दोन सूत्रं

आता स्प्रेडशीट. `Rooms` नावाच्या पानावर वरच्या तक्त्यातले चार रकाने `A` ते `D` मध्ये घ्या. `D` हा सुरुवातीचा क्रम, म्हणजे त्या खोलीतल्या पहिल्या बाकावर यादीतला कितवा विद्यार्थी बसणार. पहिल्या खोलीसाठी `D2` मध्ये 1 लिहा. `D3` मध्ये खालचं सूत्र घालून `D8` पर्यंत ओढा.

```
=D2+C2
```

आधीच्या खोलीची सुरुवात अधिक तिथली वापरायची बाके, म्हणजे पुढच्या खोलीची सुरुवात. खोली ४ मध्ये १८ बसले, म्हणून खोली ५ एकोणिसाव्यापासून सुरू. सगळी युक्ती या एका रकान्यात आहे. खोल्या कितीही लहानमोठ्या असल्या तरी फरक पडत नाही आणि ऐनवेळी एखाद्या खोलीतलं बाक कमी झालं तर `C` मधला आकडा बदलला की पुढचं सगळं आपोआप सरकतं.

अकरावी आणि बारावीसाठी दोन वेगळी पानं करा, `List11` आणि `List12`. दोन्हींत रकाने सारखेच: `A` क्रम, `B` बैठक क्रमांक, `C` नाव, `D` शाखा, `E` खोली, `F` बाक. खोलीसाठी `E2` मध्ये हे सूत्र येईल.

```
=LOOKUP(A2,Rooms!$D$2:$D$8,Rooms!$A$2:$A$8)
```

आणि बाक क्रमांकासाठी `F2` मध्ये हे.

```
=A2-LOOKUP(A2,Rooms!$D$2:$D$8)+1
```

`LOOKUP` दिलेला क्रम सुरुवातींच्या रकान्यात शोधतं. तंतोतंत सापडला नाही तर त्याच्यापेक्षा लहान असलेल्यांपैकी सर्वांत मोठा आकडा घेतं. हातानं एक उदाहरण करून बघा. बैठक क्रमांक १०५७ चा क्रम ५७. सुरुवाती आहेत १, १९, ४१, ६३… सत्तावन्नपेक्षा लहान, पण त्याच्या सर्वांत जवळचा ४१, म्हणजे खोली ६. बाक ५७ उणे ४१ अधिक १, म्हणजे १७. बारावीतला क्रम ५७ म्हणजे १२५७, तोही खोली ६ मध्ये बाक १७ वर. अकरावी विज्ञानशेजारी बारावी वाणिज्य, हवं होतं तसंच.

सूत्रातली `$` चिन्हं विसरू नका. ती नसतील तर सूत्र खाली ओढताना खोल्यांचा तक्ताही ओळीओळीने खाली सरकतो. पहिली ओळ बरोबर दिसते आणि दुसऱ्याच ओळीपासून `#N/A` येतं. नुसती पहिली ओळ बघून खूश झालेल्या माणसाला ही चूक दिसत नाही, म्हणून यादीचा मधला आणि शेवटचा विद्यार्थीही हातानं तपासा.

याहून फसवी चूक म्हणजे यादी क्षमतेपेक्षा मोठी होणं. `LOOKUP` तेव्हा कसलाही इशारा देत नाही. क्रम १४१ चा विद्यार्थी निमूटपणे खोली १२ मध्ये बाक १९ वर जातो, १४३ वा बाक २१ वर. खोलीत बाके वीसच आहेत. त्यामुळे शेवटच्या खोलीतला सर्वांत मोठा बाक क्रमांक डोळ्यांनी बघा. तो `C` मधल्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर खोली कमी पडते आहे.

एकटा पडलेला विद्यार्थी

सूत्रं लावून झाली की तक्ता तयार झाला असं वाटतं, पण खोलीच्या सीमेवर शाखा कुठे बदलते ते बघायचं राहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात बारावी वाणिज्य क्रम ६१ ला संपतं. बारावी विज्ञान ६२ पासून सुरू होतं आणि खोली ६ मध्ये ४१ ते ६२ बसतात. म्हणजे खोली ६ मध्ये बारावी विज्ञानचा एकच विद्यार्थी, १३०१, बाक २२ वर. त्याच्यासाठी त्या खोलीच्या पाकिटात एक वेगळी प्रश्नपत्रिका टाकावी लागेल, हजेरीचा वेगळा कागद लागेल आणि एका उत्तरपत्रिकेचा वेगळा गठ्ठा बांधावा लागेल. आठ दिवसांच्या परीक्षेत हे एखाद्या दिवशी तरी विसरलं जातं. मग पेपर सुरू झाल्यावर तो मुलगा हात वर करून बसतो आणि पर्यवेक्षक दारातून रनरला हाक मारतो.

यावर उपाय असा की त्याला पुढच्या खोलीत ढकलायचं. `List12` मध्ये क्रम ६२ ची ओळ ठेवा, पण बैठक क्रमांक, नाव आणि शाखा कोरी सोडा. १३०१ ला क्रम ६३ द्या. आता खोली ६ मधल्या बाविसाव्या बाकाची उजवी जागा रिकामी राहते आणि बारावी विज्ञान खोली ९ च्या पहिल्या बाकापासून सुरू होतं. शेवटचा विद्यार्थी १३६८ चा क्रम १३० होतो, जो १४० च्या आतच आहे. एक जागा रिकामी ठेवण्याच्या बदल्यात रोजची एक डोकेदुखी जाते.

अकरावीत शाखा बदलते ती क्रम ७३ ला, खोली ९ च्या अकराव्या बाकावर. तिथे विज्ञानचे दहा आणि वाणिज्यचे सहा आहेत. दोन्ही गट बऱ्यापैकी मोठे असल्याने ते तसंच राहू द्यावं. मात्र खोली ९ च्या पहिल्या दहा बाकांवर दोन्हीकडे विज्ञान आलं आहे, अकरावीचं आणि बारावीचं. सगळ्या परीक्षेत एवढीच दहा बाके अशी आहेत. ही खोली अनुभवी पर्यवेक्षकाला द्या.

आता प्रत्येक खोलीत कोणत्या वर्गाचे किती, हे मोजून घ्या. प्रश्नपत्रिकांची पाकिटं याच आकड्यांवर भरली जातात. बारावी वाणिज्यसाठी सूत्र असं, जिथे `A2` मध्ये खोली क्रमांक आहे.

```
=COUNTIFS(List12!E:E,A2,List12!D:D,"वाणिज्य")
```

शाखा कोरी ठेवलेली ओळ यात मोजली जात नाही, म्हणूनच ती कोरी हवी. शाखेचं नाव सगळीकडे एकसारखं लिहिलेलं असलं पाहिजे. शेवटी एक जादा स्पेस राहिली तरी ते वेगळं नाव ठरतं आणि संख्या कमी येते.

खोलीनिहाय एकूण असे येतात: खोली ४ मध्ये ३६, खोली ५ मध्ये ४४, खोली ६ मध्ये ४३, खोली ९ मध्ये ३२, खोली १० आणि ११ मध्ये ४४-४४, खोली १२ मध्ये २४. बेरीज २६७. ही बेरीज पटापेक्षा एकानेही कमी-जास्त आली तर पुढे जाऊ नका. कमी आली तर बहुधा शाखेचं नाव कुठेतरी वेगळं पडलंय, जास्त आली तर दुबार नोंद आहे.

गोठवा, मगच छापा

बेरीज जुळली की `E` आणि `F` हे रकाने निवडून कॉपी करा आणि त्याच जागी `Paste special` मधून फक्त किमती चिकटवा. सूत्रं जातात, आकडे राहतात. असं न करता कुणी नंतर यादी नावानुसार लावून क्रम नव्याने दिले किंवा `Rooms` मधला एखादा आकडा बदलला, तर फाइलमधला तक्ता बदलतो आणि भिंतीवरचा छापील तक्ता जुनाच राहतो. एकाच बाकावर एकाच वर्गाचे दोघे येऊन उभे राहिले, तर कारण बहुतेक हेच निघतं.

तक्ता गोठवल्यावर नवीन विद्यार्थी आला तर त्याची ओळ मध्ये घालायची नाही. मध्ये घातली की त्याच्यामागचे सगळे एकेक बाक सरकतात आणि प्रत्येक खोलीतला पहिला-शेवटचा बदलतो. त्याला गटातला पुढचा बैठक क्रमांक द्या आणि राखीव बाक हाताने लिहा. अकरावी विज्ञानचा नवा विद्यार्थी १०७३, खोली ९, बाक १७. त्या खोलीत त्याच्या वर्गाची प्रश्नपत्रिका आधीच जाते आहे, म्हणून तीच खोली. पाकिटातली संख्या एकने वाढवायला विसरू नका.

पायाला दुखापत असलेला, जिना चढू न शकणारा किंवा लेखनिक घेणारा विद्यार्थी असेल तर त्याचा बैठक क्रमांक तोच ठेवा आणि जागा मात्र तळमजल्यावर किंवा स्वतंत्र खोलीत हाताने लिहा. त्याच्या मूळ बाकावर दुसऱ्या कुणाला बसवू नका. लेखनिकाला उत्तरं मोठ्याने सांगावी लागतात, त्यामुळे तो विद्यार्थी इतरांच्या खोलीत चालत नाही.

बाकावर क्रमांक टाकणं

खोलीत क्रमांक कसे टाकत जायचे ते आधी ठरवा आणि सातही खोल्यांत तेच ठेवा. सोयीची पद्धत म्हणजे नागमोडी. दाराजवळच्या रांगेत पुढून मागे, दुसऱ्या रांगेत मागून पुढे, तिसरीत पुन्हा पुढून मागे. खोली ५ मध्ये सहा-सहा बाकांच्या चार रांगा असतील तर पहिल्या रांगेचं शेवटचं बाक ६ आणि त्याच्या शेजारचं, दुसऱ्या रांगेतलं शेवटचं, ७. दुसरी रांग पुढे येत १२ वर संपते. उत्तरपत्रिका गोळा करताना पर्यवेक्षक एका फेरीत, मागे-पुढे न धावता, क्रमाने जातो आणि गठ्ठा आपोआप लागलेला मिळतो. खोलीत सात बाकांची एखादी रांग आली तरी अडत नाही, मोजणी फक्त चालू ठेवायची.

खडूने लिहिलेला क्रमांक पहिल्याच पेपरात हाताखाली पुसला जातो, आणि मार्करने लिहिलेला वर्षभर राहून पुढच्या परीक्षेला गोंधळ घालतो. छोट्या कागदी चिठ्ठ्या छापून डिंकाने चिकटवणं बरं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात बाक क्रमांक आणि खाली डावीकडे अकरावीचा, उजवीकडे बारावीचा बैठक क्रमांक, म्हणजे खोली ६ च्या सतराव्या बाकावर "१७" आणि त्याखाली "१०५७ | १२५७". चिठ्ठी बाकाच्या वरच्या कडेला, मधोमध लावा. लिहिण्याच्या जागेत लावली तर मुलं पेनाने उकरतात. चिकटवण्याचं काम आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर, झाडलोट झाल्यानंतर करा. आधी केलंत तर झाडताना बाके हलतात आणि १४ नंबर १५ च्या जागी जातो.

कोणता कागद कुठे

फलकावर २६७ नावांची यादी लावली की सकाळी तिथे चेंगराचेंगरी होते. फलकावर फक्त गट लावा, मोठ्या अक्षरात: "१०४१ ते १०६२, खोली ६". आपला बैठक क्रमांक प्रत्येकाला माहीत असतो, एवढ्यावर तो खोलीपर्यंत पोहोचतो. हा कागद फाटकाजवळ आणि जिन्यापाशी अशा दोन जागी लावा.

खोलीच्या दारावर त्या खोलीचा नकाशा लावा. त्यात रांगा आणि बाके चौकटींनी काढलेली, प्रत्येक चौकटीत बाक क्रमांक आणि दोन बैठक क्रमांक. नकाशा दारातून आत बघताना जसं दिसतं तसाच काढा आणि फळा कुठे आहे ते दाखवा. फळा वर धरून काढलेला नकाशा फळ्याजवळच्या दारातून येणाऱ्याला उलटा पडतो.

पर्यवेक्षकाच्या हातात सहीचा कागद जातो, ज्यावर बैठक क्रमांक, नाव, बाक क्रमांक आणि प्रत्येक पेपरासाठी सहीचा एक रकाना असतो. अकरावीचा आणि बारावीचा कागद वेगळा छापा, कारण उत्तरपत्रिकाही वर्गवार वेगळ्या बांधायच्या असतात. परीक्षा विभागाकडे राहतो तो खोलीनिहाय संख्येचा तक्ता, पाकिटं भरण्यासाठी.

ऐच्छिक विषयांच्या दिवशी, समजा जीवशास्त्राचा पेपर असेल तेव्हा, ज्यांनी तो विषय घेतला नाही त्यांची बाके रिकामी राहतात. रिकाम्या जागा बघून त्या दिवसापुरत्या दोन खोल्या एक करायची इच्छा होते. ती टाळावी. मुलांना आपली जागा पाठ झालेली असते, एका दिवसाच्या बदलाने अर्धी मुलं जुन्या खोलीत जाऊन बसतात. जागा परीक्षाभर तीच ठेवा आणि त्या दिवसाच्या सहीच्या कागदावर विषय नसलेल्यांच्या रकान्यात आधीच आडवी रेघ मारून द्या. तशी रेघ नसेल तर पर्यवेक्षक त्यांना गैरहजर दाखवतो आणि निकाल लावताना ती नावं एकेक करून शोधत बसावं लागतं.